घटक ४ : सहाय्य कक्षास पाठवावयाचे दोषनिवेदन आणि त्यासोबतचे स्क्रीनशॉट

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मागणीपत्र आणि तक्रारपत्र ह्या दोन प्रकारांचा अभ्यास केला. मालाची पेटी फुटलेली निघाली, तर ती फुटल्याचे पत्रात लिहिले की वाचणाऱ्याला काय झाले ते कळते. संगणकावरील आज्ञावलीतील, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोषाचे तसे नाही. तो दोष आपल्या संगणकावर, आपण केलेल्या विशिष्ट कृतीनंतर, आपल्या नजरेसमोर घडतो. पत्र वाचणारा मनुष्य पुण्यात किंवा बंगळुरूत दुसऱ्याच संगणकासमोर बसलेला असतो. त्याला तो दोष स्वतः घडवून पाहता आला, तर तो दुरुस्त होण्याची शक्यता असते. घडवून पाहता आला नाही, तर बहुधा ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ असे उत्तर येते आणि प्रकरण बंद होते.

सायमन टॅटम ह्या ब्रिटिश आज्ञावलीकाराने १९९९ मध्ये दोष कसे कळवावेत ह्यावर एक निबंध लिहिला. त्याचा रोख हाच आहे : दोष दाखवता आला तर दाखवा, नाहीतर तो वाचणाऱ्याला पुन्हा घडवता येईल इतके सांगा, आणि पाहिलेली गोष्ट व तिच्याविषयीचा आपला तर्क ह्यांची सरमिसळ करू नका. मराठी पत्रलेखनाच्या दृष्टीने ह्यातील शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे. आपल्या तक्रारीच्या भाषेत निष्कर्ष आधी येतो आणि निरीक्षण मागे राहते, किंवा राहूनच जाते.

ह्या घटकात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. त्यातील दुकान आणि कंपनी नमुन्यादाखल कल्पिलेली आहेत. दोष मात्र खरा आहे. मराठी लिपीच्या संगणकीय लेखनात तो अनेक वर्षांपासून आढळतो, आणि मराठीच्या अभ्यासकाने तो ओळखलाच पाहिजे असा आहे.

४.२ एका नावाच्या दोन नोंदी

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवरील धरणाजवळ सिद्धेश्वर हे गाव आहे. तेथील एका कृषी सेवा केंद्राची कल्पना करू. बियाणे, खते, औषधे ह्यांची विक्री बरीचशी उधारीवर होते आणि उधारीचा हिशेब एका कंपनीच्या आज्ञावलीत ठेवला जातो. दुकानातील संगणकावर मालक स्वतः नोंदी करतात. ते इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या कळफलकावर टंकलेखन करतात. माल पोचवायला शेतावर गेलेला त्यांचा मुलगा त्याच खात्यात भ्रमणध्वनीवरून नोंदी करतो.

एके दिवशी कऱ्हाळे आडनावाचे एक ग्राहक हिशेब पुरा करण्यासाठी दुकानात आले. मालकांनी शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हाळे’ असे टंकले. पडद्यावर १,२०० रुपये बाकी दिसली. ग्राहकांच्या स्वतःच्या वहीत ५,५५० रुपयांचे टाचण होते. देणाऱ्याची वही अधिक रक्कम दाखवते आणि घेणाऱ्याचा संगणक कमी, असा हा उलटा प्रकार! मालकांनी संपूर्ण यादी खालपर्यंत सरकवून पाहिली तेव्हा त्याच आडनावाची दुसरी ओळ सापडली. तिच्यात ४,३५० रुपये होते. ती नोंद मुलाने शेतावरून केलेली होती.

त्या संध्याकाळी मालकांनी कंपनीला पाठवलेले पहिले पत्र असे होते :

“आपले सॉफ्टवेअर अत्यंत सदोष असून त्यातील मराठी नावे गायब होत आहेत. आमच्या ग्राहकाची ४,३५० रुपयांची रक्कम आपल्या सॉफ्टवेअरने नाहीशी केली. ह्यामुळे आमचे मोठे नुकसान होत आहे. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे.”

सोबत एक चित्र होते. भ्रमणध्वनीने संगणकाच्या पडद्याचा तिरपा फोटो घेतलेला, त्यात केवळ ‘कऱ्हाळे’ हे आडनाव आणि १,२०० हा आकडा. दोन दिवसांनी उत्तर आले : आपण दिलेले नाव आमच्याकडे नोंदवून शोधले असता नोंद सापडते, नाव टंकताना आपल्याकडून चूक झाली असावी, तिकीट बंद करीत आहोत.

हे उत्तर मालकांना उद्धट वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण सहाय्य कक्षाच्या बाजूने पाहा. पत्रातील एकही वाक्य तपासून पाहण्याजोगे नाही. ‘नावे गायब होत आहेत’ हे निरीक्षण नाही. नाव यादीत आहे, ते शोधात येत नाही, एवढेच घडलेले आहे. ‘रक्कम नाहीशी केली’ हेही खरे नाही. रक्कम दुसऱ्या ओळीत सुखरूप आहे. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमकी कोणती, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. कक्षातील कर्मचाऱ्याने त्याला शक्य होते तेवढे केले : स्वतःच्या कळफलकावर ‘कऱ्हाळे’ नोंदवले, त्याच कळफलकावर ते शोधले, आणि ते सापडले. सापडणारच होते. का, ते पुढे पाहू.

४.३ जे डोळ्यांना दिसत नाही

मराठीत ‘र’ पुढील व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, तर ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्या प्रकारात रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. दुसऱ्यात पापणीसारखा आडवा अर्धा र अक्षराच्या डाव्या अंगाला बसतो. कऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हे, कऱ्हाळे ह्या शब्दांत हाच अर्धा र आहे. हिंदीला ह्या चिन्हाची गरज पडत नाही. म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून तपासलेल्या आज्ञावलीत तो नेमका दुर्लक्षित राहू शकतो.

संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही. प्रत्येक वर्णासाठी एक क्रमांक साठवतो. युनिकोड ह्या जागतिक संहितेत देवनागरीला U+0900 ते U+097F हा पट्टा दिलेला आहे. अडचण अशी की पापणीसारखा अर्धा र साठवण्याच्या दोन रीती युनिकोडच्या प्रमाणग्रंथात मान्य आहेत. पहिलीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण आणि त्यापुढे हलन्तचिन्ह येते. १९९१ च्या इस्की ह्या भारतीय प्रमाणसंहितेशी जुळणारी ही रीत आहे. दुसरीत साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक येतो. युनिकोडच्या जुन्या, २.० ह्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून तिला जागा ठेवलेली आहे. हा जोडक पडद्यावर जागा व्यापत नाही आणि कागदावर उमटत नाही. मागील-पुढील अक्षरांनी कसे जुळावे, एवढीच सूचना तो देतो.

म्हणून ‘कऱ्हाळे’ हे आडनाव दोन प्रकारे साठवले जाऊ शकते :

```
U+0915 U+0931 U+094D U+0939 U+093E U+0933 U+0947
U+0915 U+0930 U+094D U+200D U+0939 U+093E U+0933 U+0947
```

वरच्या ओळीत सात क्रमांक आहेत, खालच्या ओळीत आठ. U+200D हा तो न दिसणारा जोडक. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’साठी शिफ्ट धरून J ही कळ दाबतात, त्यामुळे मालकांच्या टंकनातून वरची ओळ तयार होते. मुलाच्या भ्रमणध्वनीवरील टंकनफलक खालची ओळ तयार करतो. पडद्यावर दोन्ही ठिकाणी ‘कऱ्हाळे’च उमटते. शोध घेणारी आज्ञावली मात्र क्रमांकाशी क्रमांक ताडते. दुसऱ्याच क्रमांकावर तिला फरक आढळतो आणि ती नोंद बाजूला टाकते. एकाच वर्णाच्या वेगवेगळ्या मांडण्या एकरूप करण्यासाठी युनिकोडने प्रमाणीकरणाची एक प्रक्रिया ठरवून दिलेली आहे. पण तीही ह्या दोन रीतींना एक मानत नाही. आज्ञावली बनवणाऱ्याने त्यासाठी वेगळी तजवीज केली तरच त्या एक होतात.

आता पहिल्या फोटोचे अपयश लक्षात येईल. तो फोटो स्पष्ट असता, सरळ घेतलेला असता, तरीही त्यातून काही सिद्ध झाले नसते. स्क्रीनशॉट हा पडद्यावरच्या रूपाचा पुरावा असतो, आत साठवलेल्या मजकुराचा नव्हे. येथे दोष आतल्या मजकुरात आहे आणि रूप दोन्हीकडे सारखे आहे. तेव्हा न दिसणारा फरक दिसू लागेल असा पडदा आधी घडवावा लागतो आणि मग त्याचे चित्र घ्यावे लागते.

४.४ फरक पडद्यावर आणण्याची कृती

मालकांना युनिकोड ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांच्या मुलाने एक साधी गोष्ट केली. यादीतील ४,३५० रुपयांच्या ओळीतून आडनाव नक्कल करून घेतले आणि शोधाच्या चौकटीत चिकटवले. ह्या वेळी ४,३५० ची नोंद आली, आणि १,२०० ची आली नाही. म्हणजे शोध बिघडलेला नाही. पडद्यावर सारखी दिसणारी दोन नावे आज्ञावलीच्या लेखी निराळी आहेत. टंकनातील चुकीचा आक्षेपही येथेच निकाली निघतो, कारण चिकटवताना काहीच टंकलेले नाही.

दुसरी चाचणी फाइलच्या आकारमानाची. विंडोजमधील नोटपॅड उघडून त्यात केवळ एक आडनाव चिकटवावे, शेवटी एंटर न दाबता फाइल UTF-8 ह्या पर्यायाने साठवावी. दुसऱ्या ओळीतील आडनावाची दुसरी फाइल करावी. मग प्रत्येक फाइलवर माऊसची उजवी कळ दाबून Properties उघडावे. UTF-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, आणि तो जोडकही तीन बाइट घेतो. सात वर्णांच्या आडनावाची फाइल २१ बाइटची होते, आठ वर्णांची २४ बाइटची. अक्षरे तीच दिसतात, आकारमान मात्र वेगळे भरते. हा आकडा स्क्रीनशॉटमध्ये येऊ शकतो आणि कोणालाही पडताळता येतो.

ही चाचणी फसते कशी, हेही माहीत असावे. फाइल ‘UTF-8 with BOM’ ह्या पर्यायाने साठवली, तर सुरुवातीला तीन बाइटची एक खूण जोडली जाते आणि आकडे २४ व २७ येतात. दोन फाइली वेगवेगळ्या पर्यायांनी साठवल्या, तर २४ आणि २४ असे समान आकडे येऊन फरक नाहीच असा भ्रम होऊ शकतो! एंटर दाबला गेला, तर नोटपॅडमध्ये दोन बाइट वाढतात. नावामागे एखादी मोकळी जागा चिकटून आली, तर एक बाइट वाढतो. म्हणून २१ आणि २४ ह्यांव्यतिरिक्त काही आले, तर पत्र पाठवण्यापूर्वी फाइली पुन्हा तयार कराव्यात. चुकलेला पुरावा पाठवला की पुढच्या खऱ्या पुराव्याकडेही संशयाने पाहिले जाते.

४.५ स्क्रीनशॉट घेताना

संगणकाच्या पडद्याचा फोटो भ्रमणध्वनीने काढू नये. विंडोजमध्ये विंडोज-कळ आणि PrtSc एकत्र दाबून संपूर्ण पडदा, किंवा विंडोज-कळ, शिफ्ट आणि S एकत्र दाबून निवडलेला भाग टिपता येतो. बहुतेक अँड्रॉइड संचांवर चालू-बंद करण्याची कळ आणि आवाज कमी करण्याची कळ एकाच वेळी दाबतात. पहिले चित्र शक्यतो संपूर्ण पडद्याचे असावे. त्यात आज्ञावलीचे नाव, शोधाच्या चौकटीतील मजकूर आणि कोपऱ्यातील दिनांक-वेळ येते. नंतरची चित्रे कापून लहान केली तरी चालतात.

चित्र PNG ह्या स्वरूपात साठवावे. JPG मध्ये अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि मराठीत एका मात्रेच्या किंवा रफाराच्या पुसटपणाने अर्थ बदलतो. व्हॉट्सॲपने पाठवावयाचे झाल्यास छायाचित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावे, नाहीतर प्रतिमा वाटेत आकसते.

ग्राहकांची खासगी माहिती झाकणे ही पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. उधारीच्या यादीत इतरांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक, बाकी रकमा असतात. त्या पूर्ण अपारदर्शक काळ्या चौकोनाने झाकाव्यात. रंगीत ठळक-लेखणीने दोन-चार वेळा गिरवलेला मजकूर प्रतिमेचा उजळपणा वाढवला की पुन्हा वाचता येतो. कापून टाकलेला भाग खरोखर गेला असे मानणेही नेहमी सुरक्षित नसते. मार्च २०२३ मध्ये असे उघडकीस आले की गूगलच्या पिक्सेल भ्रमणध्वनींवरील आणि विंडोजमधील चित्र कापण्याच्या साधनांत असा दोष होता, की कापलेल्या प्रतिमेच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही भाग शिल्लक राहत असे. हे दोष नंतर दुरुस्त झाले. तरीही जुन्या संचावर काम करणाऱ्याने कापलेले चित्र पुन्हा पडद्यावर उघडून त्याचाच नवा स्क्रीनशॉट घ्यावा, हे बरे.

आज्ञावलीने एखादा त्रुटीसंदेश दाखवला असेल, तर तो चित्रात असला तरी पत्रातही जसाच्या तसा टंकावा. चित्रातील शब्द कंपनीच्या जुन्या नोंदींत शोधणे कठीण जाते. पत्रातील शब्द शोधता येतात. आपल्या उदाहरणात असा संदेश आलाच नव्हता. हेही पत्रात सांगावे लागते, नाहीतर कक्षाकडून पहिला प्रश्न तोच येतो.

४.६ नमुना पत्र

दुसरे पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल. कंसातील जागा ज्याने त्याने भराव्यात.

(दुकानाचे नाव)
मु. पो. सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
दिनांक : १२ ऑगस्ट २०२४

प्रति,
सहाय्य कक्ष,
(कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : भ्रमणध्वनीवरून नोंदवलेले ‘कऱ्हाळे’ हे आडनाव संगणकावरील शोधात न येणे
संदर्भ : तिकीट क्रमांक (…), आपले दि. ८ ऑगस्टचे उत्तर

महोदय,

संदर्भीय तिकीट आपण बंद केले आहे. माझ्या पहिल्या पत्रात आवश्यक तपशील नव्हता; तो ह्या पत्रात देत असून तिकीट पुन्हा उघडावे, ही विनंती.

आम्ही आपली आज्ञावली विंडोज १० वर (आवृत्ती क्रमांक) आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर (आवृत्ती क्रमांक) वापरतो. दोन्हीकडे एकच खाते आहे. संगणकावर मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतो. भ्रमणध्वनीवर (टंकनफलकाचे नाव) आहे.

दोष पुढील क्रमाने घडतो :
१. भ्रमणध्वनीवर ‘कऱ्हाळे’ ह्या नावाने नवा ग्राहक नोंदवावा.
२. संगणकावर त्याच नावाने दुसरा ग्राहक नोंदवावा.
३. संगणकावरील शोधाच्या चौकटीत इन्स्क्रिप्टने ‘कऱ्हाळे’ टंकावे.

दोन्ही नोंदी दिसावयास हव्यात. प्रत्यक्षात संगणकावर केलेली एकच नोंद दिसते. मी दहा वेळा प्रयत्न केला. दहाही वेळा हेच घडले. कोणताही त्रुटीसंदेश आला नाही. पूर्ण यादीत दोन्ही नोंदी आहेत (सहपत्र १). टंकून शोधले असता १,२०० रुपयांची नोंद येते (सहपत्र २). दुसऱ्या नोंदीतील आडनाव नक्कल करून चिकटवले असता ४,३५० रुपयांची नोंद येते आणि पहिली येत नाही (सहपत्र ३). दोन्ही नोंदींतील आडनावे नोटपॅडमध्ये UTF-8 स्वरूपात वेगवेगळी साठवली असता एक फाइल २१ बाइटची व दुसरी २४ बाइटची होते (सहपत्र ४). त्या दोन्ही मजकूर-फाइली सोबत पाठवीत आहे (सहपत्र ५ व ६).

‘पाटील’ आणि ‘शिंदे’ ह्या नावांबाबत असे घडत नाही. भ्रमणध्वनीवरून केलेल्या त्यांच्या नोंदी संगणकावर सापडतात.

माझा अंदाज असा की अर्धा र दोन्ही साधनांवर वेगवेगळ्या प्रकारे साठवला जात असावा. हा केवळ अंदाज आहे. तपासणी आपण करावी.

ह्यामुळे एका ग्राहकाची दोन खाती तयार झाली आणि ५,५५० रुपयांऐवजी १,२०० रुपये बाकी दाखवली गेली. शोध घेताना ही दोन्ही रूपे एकच मानली जावीत, अशी विनंती आहे. ते होईपर्यंत आम्ही काय करावे, हे कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी व नाव)

सहपत्रे : `01-yadi.png`, `02-tankun.png`, `03-chikatvun.png`, `04-akarman.png`, `05-sanganak.txt`, `06-mobile.txt`
(इतर ग्राहकांची माहिती झाकली आहे.)

४.७ पत्राविषयी काही निरीक्षणे

पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ‘पाटील’ आणि ‘शिंदे’ ह्यांच्याविषयीचे आहे. दोष कोठे घडतो हे बहुतेक जण सांगतात. तो कोठे घडत नाही, हे क्वचित सांगितले जाते. ह्या एका वाक्याने इंटरनेटची जोडणी, भ्रमणध्वनीकडून संगणकाकडे होणारे नोंदींचे वहन, खात्याचे अधिकार ह्या सर्व शंका बाजूला पडतात. नोंदी पोचतात, शोधही चालतो. अडते ते ‘ऱ्ह’पाशी.

विषयाची ओळ पाहा. ‘सॉफ्टवेअरमधील दोषाबाबत’ असा विषय लिहिला असता, तर कक्षाकडे आलेल्या शेकडो पत्रांत त्याला वेगळेपणा उरला नसता. साधन, कृती आणि परिणाम हे तिन्ही विषयात आले की पत्र योग्य टेबलावर जाते.

अंदाजासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे आणि त्याला अंदाजच म्हटले आहे. हे विनयासाठी केलेले नाही. लिहिणाऱ्याचा तर्क चुकला, तरी आधीची निरीक्षणे त्यापासून अलग राहतात आणि उपयोगी पडतात. पहिल्या पत्रात ‘नावे गायब होत आहेत’ असे म्हटल्यामुळे कर्मचारी गायब झालेले नाव शोधू लागला होता.

नुकसानीचा उल्लेख शेवटी, एका वाक्यात आणि आकड्यासह आला आहे. पहिल्या पत्रात राग होता. तो खोटा नव्हता, पण त्याने ४,३५० ह्या आकड्याला मागे ढकलले. ‘मोठे नुकसान’ ह्या शब्दांपेक्षा ५,५५० ऐवजी १,२०० हे अधिक बोलके आहे.

मजकूर-फाइली का जोडल्या, हेही ध्यानात घ्यावे. पत्रातील ‘कऱ्हाळे’ वाटेत एखाद्या संगणकाने बदलले, तर कक्षाला मूळ रूप मिळणार नाही. काही यंत्रणा ‘निरुपयोगी’ समजून शून्य रुंदीचे वर्ण गाळतात. जोडक गळला की ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो आणि ‘कर्हाळे’ असे विपरीत रूप उमटते. छापील बिलावर, निमंत्रणपत्रिकेवर किंवा मतदार यादीत असे रूप दिसले, तर त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते. तो दोष मात्र स्क्रीनशॉटमध्ये सरळ दिसतो. तेथे फाइलींची आकारमाने मोजण्याची आवश्यकता नाही. नोंद केलेले रूप आणि छापलेले रूप अशी दोन चित्रे पुरतात. तोही दोष ह्याच दुकानात आढळला, तर त्याचे पत्र निराळे लिहावे. एका पत्रात दोन दोष असले की एकाचे निराकरण होताच तिकीट बंद होते.

‘पुरावा’ हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. प्रकरण न्यायालयात गेले, तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते; नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. सहाय्य कक्षाला प्रमाणपत्र लागत नाही. त्याला दोष पुन्हा घडवता आला की पुरे.

कंपनी दुरुस्ती करील, किंवा पुढील आवृत्तीपर्यंत थांबण्यास सांगेल. तोपर्यंत मालकांना करता येण्याजोगे एक काम आहे : दोन्ही खाती एकत्र करून कऱ्हाळे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी नावे ह्यापुढे केवळ संगणकावरूनच नोंदवावीत. उत्तर आल्यावर नवे पत्र सुरू न करता त्याच तिकीट क्रमांकाच्या संदर्भाने लिहावे. दुरुस्त आवृत्ती आली की आधीच्या तीन पायऱ्या पुन्हा करून पाहाव्यात आणि निकाल एका ओळीत कळवावा.

स्वाध्याय

१. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द दोन्ही रीतींनी साठवला असता किती वर्णक्रमांक लागतील आणि UTF-8 फाइलचे आकारमान किती भरेल, ते काढा. शक्य असल्यास नोटपॅडमध्ये पडताळून पाहा.

२. पुढील वाक्यांतील निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे करा : “तुमच्या ॲपने माझी पावती खाऊन टाकली. मी बटण दाबले तर पांढरा पडदा आला आणि पैसे गेले.” ह्या वाक्यांचे सहाय्य कक्षास पाठवावयाच्या पत्रात रूपांतर करण्यासाठी लिहिणाऱ्याला कोणते चार प्रश्न विचाराल?

३. आपल्या गावातील एखाद्या छापील बिलावर किंवा फलकावर अर्ध्या र ऐवजी रफार उमटल्याचे आढळल्यास त्याची नोंद घ्या आणि संबंधित आज्ञावलीच्या कंपनीस सुमारे २०० शब्दांत पत्र लिहा. कोणती दोन चित्रे जोडाल, तेही सांगा.